सहगुणकांकडे पाहून उकल ओळखणे

मे महिन्यातल्या एका दुपारी नागपुरात गणिताचे काही शिक्षक आणि बी.एस्सी.चे दोनचार विद्यार्थी असे आम्ही एकत्र बसलो होतो. बाहेर ऊन रणरणत होते, आत कूलरचा घरघराट चालू होता. नववी-दहावीला शिकवणाऱ्या एका बाईंनी सहज म्हणून फळ्यावर 2x² − 5x + 3 = 0 हे वर्गसमीकरण लिहिले आणि विचारले, "अवयव न पाडता, सूत्र न वापरता याचे एक मूळ सांगा." उत्तर लगेच आले: १. कारण 2 − 5 + 3 = 0. सहगुणकांची बेरीज शून्य असली की १ हे मूळ असते, ही युक्ती शाळेत बहुतेकांनी वापरलेली असते.

तेव्हा एका विद्यार्थ्याने त्याच्या वहीतले समीकरण शेजारी लिहिले:

x y'' − (2x + 1) y' + (x + 1) y = 0

"आमचे सर म्हणाले, इथेही बेरीज करा. बेरीज शून्य आली की e^x ही एक उकल. पण का, ते काही कळले नाही."

बेरीज करून पाहू. x − 2x − 1 + x + 1, म्हणजे शून्य. दोन्ही युक्त्या सारख्या दिसतात खऱ्या, पण हे साम्य नुसते दिसण्यापुरते आहे की त्यामागे काही नाते आहे? त्या दुपारी आमची चर्चा याच प्रश्नाभोवती फिरली. नाते आहे, आणि ते समजून घ्यायला थोडे इतिहासात जावे लागते.

ऑयलरचे पाऊल

१७३९ साली लेओनार्ड ऑयलरने आपले वृद्ध गुरू योहान बर्नूली यांना एका पत्रात स्थिर सहगुणकांची अवकल समीकरणे सोडवण्याची रीत कळवली. ती छापून आली १७४३ मध्ये. रीत अशी की y'' − 5y' + 6y = 0 यासारख्या समीकरणात y च्या जागी e^(mx) ठेवायचे. e^(mx) चा पहिला अवकलज m e^(mx), दुसरा m² e^(mx). प्रत्येक पदात e^(mx) सामाईक राहते, ते बाहेर काढले की उरते m² − 5m + 6 = 0. म्हणजे अवकल समीकरणाचा प्रश्न साध्या वर्गसमीकरणावर आला. मुळे २ आणि ३, म्हणून उकली e^(2x) आणि e^(3x).

आता आपल्या शाळेतल्या युक्तीचा अर्थ उलगडतो. या वर्गसमीकरणाचे एक मूळ १ असेल, तर e^x ही उकल असणार, आणि मूळ १ असण्याची खूण म्हणजे सहगुणकांची बेरीज शून्य. मात्र विद्यार्थ्याच्या समीकरणातले सहगुणक स्थिर नाहीत, ते x बरोबर बदलतात. तिथे ऑयलरची रीत जशीच्या तशी लागू होत नाही, कारण m चे वर्गसमीकरण प्रत्येक x साठी निराळे होते. पण e^x चा गुण तोच राहतो: त्याचा पहिला अवकलजही e^x, दुसराही e^x. म्हणून समीकरणात e^x ठेवले की

[x − (2x + 1) + (x + 1)] e^x

एवढेच उरते, आणि कंसातली बेरीज प्रत्येक x साठी शून्य आहे. थोडक्यात, प्रत्येक x साठी वर्गसमीकरण बदलले तरी १ हे मूळ मात्र त्या सगळ्यांत टिकून राहिले आहे. म्हणून युक्ती चालली.

याच विचाराने आणखी दोन खुणा सहज मिळतात. समीकरण a y'' + b y' + c y = 0 असे लिहू; a, b, c ही x ची फलने. e^(−x) चा पहिला अवकलज −e^(−x) आणि दुसरा e^(−x), म्हणून a − b + c = 0 असेल तर e^(−x) ही उकल. आणि y = x घेतले तर y' = 1, y'' = 0; म्हणून b + cx = 0 असेल तर x ही उकल. पाठ्यपुस्तकांतून अशा कसोट्यांचे एक कोष्टकच दिलेले असते आणि मुले ते पाठ करतात. पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येक कसोटी म्हणजे एखादे ओळखीचे फलन समीकरणात ठेवून पाहणे, याहून अधिक काही नाही.

इथे एक चूक वारंवार होते. x y'' − 2y' + y = 0 या समीकरणात बेरीज x − 1 येते. x = 1 ला ती शून्य होते, म्हणून काही मुले e^x लिहून मोकळी होतात. बेरीज एखाद्या बिंदूवर शून्य होऊन उपयोग नाही, ती सर्व x साठी शून्य हवी.

एक मूळ मिळाले, आता भागाकार

एक मूळ हाती आले की शाळेत आपण पुढे काय करतो? (x − 1) ने भागतो, घात एकाने उतरतो आणि राहिलेले समीकरण सोपे होते. अवकल समीकरणांत याच्याशी मिळतीजुळती रीत आहे. तिला कोटी कमी करणे म्हणतात. १७६० च्या दशकात फ्रेंच गणितज्ञ दालाँबेर आणि तेव्हा तूरिनमध्ये असलेला तरुण लाग्रांज या प्रश्नावर काम करत होते. ही रीत आज दालाँबेरच्या नावाने ओळखली जाते.

कल्पना अशी. ज्ञात उकल e^x आहे. तिला नुसत्या स्थिरांकाने गुणले तर नवे काही मिळत नाही. म्हणून स्थिरांकाच्या जागी बदलते फलन v घ्यायचे, y = v e^x. मग y' = (v' + v) e^x आणि y'' = (v'' + 2v' + v) e^x. हे आपल्या समीकरणात ठेवून e^x काढून टाकू:

x(v'' + 2v' + v) − (2x + 1)(v' + v) + (x + 1)v = 0

v ची पदे एकत्र करा. त्यांचा सहगुणक x − (2x + 1) + (x + 1), म्हणजे आपली तीच शून्य बेरीज! v नाहीसे झाले. हा काही नशिबाचा भाग नाही. e^x ही उकल आहे या वस्तुस्थितीचेच हे दुसरे रूप आहे. v' चा सहगुणक 2x − (2x + 1) = −1. उरले ते

x v'' − v' = 0

यात v स्वतः नाही, फक्त त्याचे अवकलज आहेत. v' ला w म्हटले की x w' = w, हे पहिल्या कोटीचे समीकरण. त्याची उकल w = cx. म्हणून v = cx²/2 + d, आणि मूळ समीकरणाची संपूर्ण उकल

y = e^x (A + B x²)

दुसरी उकल x² e^x आहे हे कोणत्याही कोष्टकात पाहून कळले नसते. पहिली मात्र बेरजेने दिसली, आणि तिने दुसरीला ओढून आणले.

त्या दुपारी एका बाईंनी विचारले, "पण या उकलीतून सुरुवातीच्या कोणत्याही अटी पुऱ्या करता येतील ना?" प्रश्न नेमका होता. समजा x = 0 पाशी y = 1 आणि y' = 0 हवे आहे. आपल्या उकलीत y(0) = A येते, आणि अवकलज काढून पाहिल्यास y'(0) सुद्धा A च येतो. म्हणजे ही अट पुरी होणे अशक्य! कारण मूळ समीकरणातच दिसते. x = 0 ठेवले की y'' चे पद नाहीसे होते आणि −y' + y = 0 एवढेच उरते. y'' चा सहगुणक जिथे शून्य होतो, तिथे समीकरण दुसऱ्या कोटीचे राहत नाही. असे बिंदू आधीच बाजूला काढून ठेवावेत.

आबेलचे सूत्र आणि एक फसगत

प्रत्येक वेळी v ठेवून आकडेमोड करण्याऐवजी एक सूत्र वापरता येते. त्याच्या मुळाशी नील्स आबेलने १८२७ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष आहे. समीकरण y'' + P y' + Q y = 0 या रूपात असेल आणि y₁ ही एक उकल असेल, तर दुसरी उकल

y₂ = y₁ ∫ e^(−∫P dx) / y₁² dx

गंमत अशी की या सूत्रात Q कुठेच नाही. Q चे काम y₁ ने आधीच आपल्या अंगावर घेतलेले असते.

फसगत होते ती P घेताना. आमच्या एका विद्यार्थ्याने वरच्याच उदाहरणात P = −(2x + 1) घेतले. मग e^(−∫P dx) झाले e^(x² + x), त्याला e^(2x) ने भागल्यावर आले e^(x² − x), आणि त्याचे समाकलन काही केल्या होईना. होणारही नव्हते, कारण त्याचे समाकलन ओळखीच्या प्राथमिक फलनांत मांडताच येत नाही. चूक इतकीच की y'' चा सहगुणक १ करून घेतला नव्हता. x ने भागले तर P = −2 − 1/x, मग e^(−∫P dx) = x e^(2x), e^(2x) ने भागून उरतो x, आणि समाकलन x²/2. पहिल्याशी जुळले.

लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की बेरजेच्या कसोटीसाठी भागण्याची गरज नसते, कारण शून्याला कशानेही भागले तरी शून्यच. आबेलच्या सूत्रासाठी मात्र भागावेच लागते. दोन्ही पायऱ्या एकामागून एक येत असल्याने हा फरक नजरेतून सुटतो. समाकलन अचानक आडमुठे झाले, तर आधी P तपासावा.

ताऱ्याच्या पोटातले समीकरण

"परीक्षेबाहेर कुठे भेटतात का असली समीकरणे?" हा प्रश्न येणारच होता. उत्तरादाखल आम्ही एक भारतीय उदाहरण घेतले.

मूळचे कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत आणि सापेक्षतावादावर संशोधन करत. १९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य हा तरुण त्यांच्याकडे काम करायला गेला. प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वक्षेत्राचे जे वर्णन त्याने केले, ते आज वैद्यांच्या नावाने जगभर ओळखले जाते. पुढे चार दशकांनी, १९८२ साली, वैद्य आणि रमेश टिकेकर यांनी मिळून अतिघन ताऱ्याचे एक गणिती प्रारूप प्रसिद्ध केले. अतिघन म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यासारखा. एका घन सेंटिमीटरमध्ये १० चा चौदावा घात इतके ग्रॅम, या पातळीची घनता. अशा ताऱ्याच्या आत आइन्स्टाइनची समीकरणे सोडवणे फार अवघड असते. या दोघांनी ताऱ्याच्या आतल्या अवकाशाचा आकार विशिष्ट प्रकारे वक्र धरला आणि प्रश्न एका दुसऱ्या कोटीच्या रेषीय समीकरणावर आणला. त्यात एक स्थिरांक K आहे. K = −2 घेतला की ते समीकरण असे दिसते:

(3 − 2z²) ψ'' + 2z ψ' + 6ψ = 0

z ची किंमत ताऱ्याच्या केंद्रापाशी १ असते आणि पृष्ठभागाकडे जाताना कमी होत जाते. ψ वरून गुरुत्वक्षेत्राचा काळाशी निगडित भाग मिळतो. हे समीकरण आपण आपल्या रीतीने सोडवून पाहू.

सहगुणकांची बेरीज 9 + 2z − 2z². शून्य नाही. y = x ची कसोटी: 2z + 6z = 8z. तीही नाही. मग हार मानायची? नाही. सहगुणक बहुपदी आहेत, तर उकलही एखादी बहुपदी असेल का, हे पाहता येते. तिचा सर्वांत मोठा घात n धरू. z^n पासून येणाऱ्या सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक आहे −2n(n − 1) + 2n + 6. तो शून्य झालाच पाहिजे, कारण त्याला खोडायला दुसरे कोणतेही पद नाही. सोपे केल्यावर −2(n − 3)(n + 1) = 0. म्हणजे n = 3. बहुपदी असेलच तर तिसऱ्या घाताची.

शिवाय समीकरणाच्या रचनेमुळे विषम घातांपासून विषमच घात निर्माण होतात. म्हणून ψ = z³ + az एवढेच तपासू. ठेवून पाहिले की z³ ची पदे −12 + 6 + 6 = 0 अशी खोडली जातात आणि z ची पदे 18 + 8a अशी उरतात. म्हणून a = −9/4. अपूर्णांक टाळण्यासाठी −4 ने गुणून घेऊ:

ψ₁ = 9z − 4z³

आता दुसरी उकल. P = 2z/(3 − 2z²), म्हणून e^(−∫P dz) = √(3 − 2z²). सूत्रानुसार आपल्याला √(3 − 2z²)/(9z − 4z³)² याचे समाकलन हवे आहे. हे भयंकर दिसते. पण वर्गमुळाखालचे 3 − 2z² सुचवते की उत्तरातही त्याचाच एखादा घात असावा. म्हणून (3 − 2z²)^(3/2) / (9z − 4z³) याचा अवकलज काढून पाहा. अंशात √(3 − 2z²) सामाईक निघते आणि कंसात

−54z² + 24z⁴ − 27 + 54z² − 24z⁴

असे उरते. सगळे खोडले जाऊन फक्त −27. म्हणजे एका स्थिरांकाचा फरक सोडला तर समाकलन मिळाले, आणि ψ₁ ने गुणल्यावर

ψ₂ = (3 − 2z²)^(3/2)

वैद्य आणि टिकेकर यांच्या प्रारूपात K = −2 साठी याच दोन उकली येतात; प्रत्येकीपुढचा स्थिरांक ताऱ्याच्या पृष्ठभागावर दाब शून्य झाला पाहिजे आणि आतले क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राशी जुळले पाहिजे, या अटींवरून ठरतो. z १ पेक्षा मोठा होत नाही, म्हणून 3 − 2z² ऋण होण्याची भीती नाही, आणि केंद्रापाशीही दोन्ही उकली नीट वागतात.

हेही ध्यानात घ्यावे की K ला वाटेल ती किंमत दिली तर इतकी सुटसुटीत बहुपदी मिळतेच असे नाही. n च्या वर्गसमीकरणाला धन पूर्णांक मूळ असावे लागते. −2 ही किंमत घेतल्याने ते मिळाले.

नजरेला न दिसणारे

उकल दिसत नाही, याचा अर्थ ती शोधण्यात आपण कमी पडलो, की ती मुळात नाहीच? त्या विद्यार्थ्याचा शेवटचा प्रश्न हा होता. y'' = x y हे समीकरण घ्या. इंद्रधनुष्याजवळच्या प्रकाशाचा विचार करताना जॉर्ज एअरी याने १८३८ मध्ये जी फलने वापरली, ती या समीकरणाशी जोडलेली आहेत. दिसायला किती साधे! पण कोणतीही कसोटी लावा, हाती काही लागत नाही.

इथे u = y'/y असे लिहिले तर समीकरण u' + u² = x असे होते. ही रिकाटीच्या समीकरणाची जात. u' + u² = x^m या रूपातली काही समीकरणे सोडवता येतात, हे डॅनियल बर्नूलीने १७२४ मध्येच दाखवले होते. m च्या त्या किंमती −4k/(2k ± 1) या साच्यातल्या, त्यात k पूर्णांक. त्यांच्या जोडीला −2. बाकीच्यांसाठी लोक शंभराहून अधिक वर्षे झटत राहिले. १८४१ साली जोझेफ ल्यूव्हीलने सिद्ध केले की या किंमतींखेरीज इतर कोणत्याही m साठी ओळखीच्या फलनांत व त्यांच्या समाकलनांत उकल मांडणे अशक्य आहे. आपल्या समीकरणात m = 1. तो साच्यात बसतो का, पाहा: −4k = 2k ± 1 यातून k पूर्णांक येत नाही. म्हणजे एअरीच्या समीकरणाची अशी उकल अस्तित्वातच नाही. शोधणाऱ्याचा काही दोष नाही.

आणि सहगुणक बहुपदी किंवा बहुपदींचे भागाकार असतील, तर अशी उकल आहे की नाही हे ठरवणारी, आणि असल्यास ती काढून देणारी निश्चित रीत जेराल्ड कोव्हासिक याने १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. त्या रीतीतल्या एका पायरीवर आपण आत्ता केले तेच करावे लागते: बहुपदीचा घात काय असू शकेल ते सहगुणकांवरून ठरवायचे आणि मग ती बहुपदी शोधायची.

संध्याकाळी उठताना बाईंनी फळा पुसला, पण 2x² − 5x + 3 तेवढे तसेच ठेवले. शाळा उघडली की पहिल्या तासाला मुलांना त्या आधी १ हे मूळ ओळखायला सांगणार होत्या आणि मग भागाकार करायला. "पुढे बी.एस्सी.ला जातील तेव्हा त्यांना हे पुन्हा भेटेल," त्या म्हणाल्या. वाचकांसाठी एक समीकरण आम्हीही ठेवतो: (x − 1) y'' − x y' + y = 0. यात एक नव्हे, दोन्ही उकली नजरेनेच दिसतात. आणि x = 1 पाशी काय होते, तेही जरूर पाहावे.